पाच मिनिटांचे निकाल विश्लेषण आणि त्यात पास झालेले गैरहजर

"निकाल विश्लेषण फक्त ५ मिनिटांत! सर्व परीक्षा विभागप्रमुखांसाठी. १) गैरहजर मुले सोडून द्या, निकालात ती धरायची नसतात. २) तुकड्यांच्या शेकडा निकालांची सरासरी काढली की इयत्तेचा निकाल मिळतो. ३) विषयांच्या निकालांची सरासरी म्हणजे तुकडीचा निकाल. ४) सर्वांत कमी निकालाचा विषय लाल करा. तो विषय कच्चा आणि शिकवणारा शिक्षकही. मुख्याध्यापकांना हेच हवे असते. ५) सूत्र =IF(C2>=35,"पास","नापास") टाका, खाली ओढा, झाले! जास्तीत जास्त शिक्षकांपर्यंत पोहोचवा."

सहामाहीचे पेपर तपासून झाले की हा मजकूर शिक्षकांच्या गटांत फिरू लागतो. मी तो दरवेळी न वाचता पुसत आले. यंदा तो माझ्या भाचीकडून आला. तिच्याकडे पहिल्यांदाच परीक्षा विभाग दिला आहे आणि मजकुराखाली तिचा प्रश्न होता, "मावशी, असाच तक्ता करून मोठ्या सरांना देऊ ना?" देऊ नकोस. का ते तिला फोनवर सांगून झाले, पण तो मजकूर काही तिच्या एकटीकडे गेलेला नाही.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते. बाकीच्या मुद्द्यांनी आकडा बिघडतो, याने माणूस गोत्यात येतो.

नववी क घेऊ. पट ४६, गैरहजर २, परीक्षेला बसलेली मुले ४४. इंग्रजीत ३२ पास, म्हणजे ७२.७३ टक्के. गणितात ३४ पास, म्हणजे ७७.२७ टक्के. मजकुराप्रमाणे इंग्रजी लाल, इंग्रजीच्या बाई कच्च्या, आणि गणिताचे सर सुटले. आता नापास मुलांचे गुण बघा. इंग्रजीत नापास झालेल्या १२ पैकी ८ मुलांना २८ ते ३४ गुण आहेत. २० च्या खाली फक्त चौघे. गणितात नापास १०, त्यातला एकच काठावर आहे आणि नऊ जण २० च्या खाली. शिवाय गणितात पास झालेल्या ३४ पैकी ११ जण ३५ ते ३९ मध्ये अडकलेले आहेत. वार्षिकचा पेपर त्यांना पाच गुणांनी जड गेला की हे अकराही खाली येतात, आणि ७७ टक्क्यांचा निकाल थेट ५२ वर.

काळजी कुठल्या विषयाची करायची? इंग्रजीतली ती आठ मुले पत्रलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न नेमाने सोडवून घेतले तर महिन्या-दीड महिन्यात वर येण्यासारखी आहेत. गणितातल्या नऊ जणांना बहुधा अपूर्णांक आणि ऋण संख्याच येत नाहीत. त्यांना वेगळे बसवून पाचवी-सहावीपासून शिकवावे लागेल आणि त्यासाठी वेळापत्रकात तास काढावे लागतील. तास काढणे हे मुख्याध्यापकांचे काम, म्हणून ही माहिती त्यांना हवी. नुसत्या पास टक्केवारीत ती दिसतच नाही. टक्केवारीशेजारी तीन रकाने वाढवा: २० च्या खाली किती, २८ ते ३४ किती, ३५ ते ३९ किती.

```
=COUNTIF(C2:C47,"<20")
=COUNTIFS(C2:C47,">=28",C2:C47,"<35")
=COUNTIFS(C2:C47,">=35",C2:C47,"<40")
```

आणि या रकान्यांत मुलांची संख्याच लिहा, टक्के नकोत. संस्कृत घेतलेली बारा मुले असतील तर एक मूल म्हणजे ८.३३ टक्के. एकट्याला नेमका त्या दिवशी ताप असला तरी विषय लाल होतो.

राहिला शिक्षक. त्याच बाई नववी ब ला इंग्रजी शिकवतात आणि तिथला निकाल चांगला आहे, तर मग कच्चे कोण? आधी त्या तुकडीचे बाकीचे विषय बघायचे, मग तोच विषय इतर तुकड्यांत, मग याच मुलांचे मागच्या परीक्षेतले गुण. क तुकडीचे सगळेच विषय अ तुकडीपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असतील, तर ती तफावत बहुधा जूनमध्ये तुकड्या पाडल्या तेव्हाचीच आहे. तुकडीतले इतर विषय जागेवर आहेत, दुसऱ्या तुकड्यांत हा विषय बरा आहे आणि तरी इथेच तो खाली आला, तेव्हा शिक्षकांना विचारा. तेही विचारा, ठरवून टाकू नका. कधी तासच बुडालेले असतात, कधी पेपर दुसऱ्याने हात आखडून तपासलेला असतो.

मुळात कच्चा असतो तो घटक. संविधान तक्त्यावरून कुठला प्रश्न कुठल्या घटकावर हे माहीत असतेच. त्या घटकाच्या प्रश्नांत सगळ्या मुलांनी मिळून कमावलेले गुण घ्या आणि मिळू शकणाऱ्या एकूण गुणांनी भागा. समजा नववी क च्या गणितात बहुपदीवर ८ गुण होते. ४४ मुलांचे मिळून ३५२ होतात, मुलांनी कमावले १०६, म्हणजे ३० टक्के. संचांवर ६ गुण होते. २६४ पैकी १९०, म्हणजे ७२ टक्के. 'गणित कच्चे' ऐवजी 'नववी क, बहुपदी ३० टक्के' असे लिहिले की गणिताच्या सरांना उद्या काय घ्यायचे ते कळते. यासाठी प्रश्ननिहाय गुण भरावे लागतात आणि ते कंटाळवाणे काम आहे, कबूल. सगळ्या विषयांचे नका करू, ज्या विषयात २० च्या खाली मुले जास्त आहेत तेवढ्याचेच करा.

यात एक खड्डा आहे. 'कोणतेही दोन सोडवा' अशा प्रश्नात जो उपप्रश्न मुलाने सोडवलाच नाही, त्याचा शून्य धरायचा नसतो. भागताना सोडवणारी मुलेच धरा आणि शेजारी त्यांची संख्या लिहा. ४४ पैकी १२ जणांनीच हात लावला असेल, तर त्या १२ जणांचे ८० टक्के कौतुकाचे नाहीत. बाकीचे ३२ त्या प्रश्नापासून लांब का राहिले, ते शोधायला हवे.

आता हा चौथा मुद्दा आणि पहिला मुद्दा जोडीने वाचा. निकाल पडला की शिक्षक लाल, आणि गैरहजर मूल निकालातून बाद. मग काठावरच्या मुलाला "बरे नसेल तर उद्या येऊ नकोस" असे सांगण्याचा मोह कुणाला होणार नाही? तोंडी आणि अंतर्गत गुण सैल होतात, पुढचा पेपर सोपा निघतो, लाल रंग जातो. मूल तिथल्या तिथेच राहते.

पहिल्या मुद्द्यात अर्धे खरे आहे, तेवढे मान्य करते. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवरच काढतात. राज्य मंडळही तसेच करते. मे २०२४ मध्ये जाहीर झालेला दहावीचा निकाल बघा: नियमित विद्यार्थ्यांत नोंदणी १५,६०,१५४, प्रविष्ट १५,४९,३२६, उत्तीर्ण १४,८४,४३१, निकाल ९५.८१ टक्के. पण मंडळाने नोंदणी आणि प्रविष्ट हे दोन्ही आकडे छापले, म्हणून दहा हजारांवर मुले परीक्षेला आलीच नाहीत हे आपल्याला कळते. तुमच्या तक्त्यातही पट, प्रविष्ट, गैरहजर, उत्तीर्ण असे चार रकाने हवेत. भागायचे प्रविष्टांनी, पण गैरहजरांची नावे त्याच कागदावर खाली. जो मुलगा गणिताच्याच दिवशी गैरहजर असतो, त्याच्याबद्दल मुख्याध्यापकांना आधी कळायला हवे.

दुसऱ्या मुद्द्यालाही त्याच निकालाने उत्तर मिळते. त्या वर्षीचे नऊ विभागांचे निकाल घेऊन सरळ सरासरी काढा, ९६.०९ टक्के येते. राज्याचा निकाल मात्र ९५.८१. फरक आला कारण कोकणचा निकाल ९९.०१ टक्के होता आणि कोकणातली मुले मुंबई-पुण्याच्या मानाने अगदी थोडी. सरासरीत मात्र कोकणचे वजन मुंबईइतकेच धरले गेले. शाळेत तुकड्या लहानमोठ्या असल्या की फरक आणखी वाढतो. २० मुलांची अ तुकडी, सगळी पास, १०० टक्के. ६० मुलांची ब तुकडी, ३६ पास, ६० टक्के. सरासरी ८०. खरा निकाल ८० पैकी ५६, म्हणजे ७० टक्के. सगळ्या तुकड्यांचे पास एकत्र, सगळ्यांचे प्रविष्ट एकत्र, मग भागाकार.

तिसरा मुद्दा वाचून हसू आले. चाळीस मुले, सहा विषय, प्रत्येक विषयाचा निकाल ९० टक्के, म्हणजे प्रत्येक विषयात चार नापास. सगळीकडे तीच चार मुले असतील तर तुकडीचा निकाल ९० टक्के. प्रत्येक विषयात वेगळी चार असतील तर २४ मुले कुठे ना कुठे अडकली, सगळ्या विषयांत पास फक्त १६, निकाल ४० टक्के. सरासरी दोन्ही वेळा ९०. तुकडीचा निकाल एकेका मुलाची ओळ बघूनच काढावा लागतो. एकाच विषयात अडकलेली किती आणि तीन-चार विषयांत अडकलेली किती, हेही त्याच वेळी मोजून घ्या.

आणि ते सूत्र. गैरहजर मुलापुढे आपण गुणांच्या जागी AB लिहितो. एक्सेल काय किंवा गूगल शीट काय, तुलना करताना अक्षरांना कुठल्याही संख्येपेक्षा मोठे धरतात. त्यामुळे AB हे ३५ पेक्षा मोठे ठरते आणि समोर 'पास' उमटते. ग्रेस दाखवायला कुणी 32+3 असे लिहिले असेल, तर तेही अक्षरेच, तिथेही 'पास'. उलट एखाद्या मुलाचे गुण भरायचे राहिले, तर रिकामा चौकोन शून्य धरून त्याला 'नापास' मिळते. पहिल्या ओळीत गैरहजरांना सोडून द्या म्हणणाऱ्याने शेवटच्या ओळीत त्यांना पास केले आहे. सूत्र असे हवे:

```
=IF(C2="AB","गैरहजर",IF(ISNUMBER(C2),IF(C2>=35,"पास","नापास"),"तपासा"))
```

खाली ओढल्यावर चारही शब्द वेगवेगळे मोजा. पास, नापास आणि गैरहजर यांची बेरीज हजेरीपटाशी जुळली पाहिजे आणि 'तपासा' शून्य आले पाहिजे. तोवर कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू नका.