नऊ हजारांची वायर, की वायर नसल्याचे नऊ हजार?

परवा पाऊस जरा थांबला म्हणून सगळे माळनाक्याजवळच्या आपल्या कट्ट्यावर जमलो. सागरला फोन घ्यायचाय आणि गेले दोन आठवडे त्याचं एकच चालूये, एका मॉडेलात पॅडवर नुसता ठेवून होणारं वायरलेस आणि आपल्या फोनने दुसऱ्याचा फोन भरायचं रिव्हर्स चार्जिंग दोन्ही आहे, दुसऱ्यात नाही, बाकी कॅमेरा-बिमेरा जवळपास सारखंच, आणि फरक नऊ हजारांचा. मी आधीच सांगून टाकलं की रिव्हर्ससाठी एक रुपया जास्त देऊ नको. मेघा लगेच उसळली, कारण तिच्या फोनात दोन्ही आहे.

"तुला वापरायलाच मिळालं नाहीये म्हणून बोलतोयस," ती म्हणाली. "दुसऱ्याचा फोन मेला की आपला फोन पाठीला पाठ लावून ठेवायचा, काम झालं."

म्हटलं चल, आत्ताच बघू. तिचा फोन ७१ टक्के, माझा १२. माझा ऑफिसचा फोन वायरलेसवाला आहे आणि दोघांची बॅटरी पाच हजार एमएएचची, म्हणजे हिशोब सरळ. तिने सेटिंग चालू केलं, फोन पालथा करून कट्ट्यावर ठेवला, त्यावर माझा ठेवला आणि काहीच झालं नाही. दोनदा सरकवून पाहिलं, तरी नाही. तेवढ्यात राजूदादा आला, त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याने माझा फोन उचलून कव्हर चाचपलं आणि म्हणाला, "अरे ह्यात गाडीच्या होल्डरची लोखंडी चकती चिकटवलीय तू, कसं होईल?" कव्हर काढलं तेव्हा कुठे चार्जिंगची खूण आली.

मग अर्धा तास थांबलो. थांबलो म्हणजे अक्षरशः राखण करत बसलो, कारण कट्ट्याला जरा उतार आहे आणि वरचा फोन बोटभर सरकला की चार्जिंग बंद. एकदा माझा फोन व्हायब्रेट झाला, तेवढ्यानेही सरकला. अर्ध्या तासाने पाहिलं तर मेघाचा ७१ चा ५७ झालेला आणि माझा १२ चा १८. तिचे चौदा गेले, मला सहा मिळाले. आणि दोन्ही फोनांची पाठ चांगली कोमट.

सागर म्हणाला, "बाकीचे आठ गेले कुठे?"

राजूदादाने नीट समजावलं. फोनच्या पाठीमागे आतून तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं, त्याला कॉईल म्हणतात. मेघाच्या फोनच्या बॅटरीतला करंट आधी व्होल्टेज वाढवून कॉईलला द्यायचा, तिथे सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट फिरवायचा, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होणार, ते माझ्या कॉईलमध्ये परत करंट तयार करणार, तो सरळ करून बॅटरीजोगा करायचा आणि मग भरायचा. दर टप्प्याला थोडं थोडं उष्णतेत जातं, आणि दोन्ही वेटोळी एकावर एक बरोबर बसली नाहीत तर अजून जातं. त्यात देणाऱ्या फोनची ताकदही कमी, रिव्हर्सला साडेचार वॅटच्या आसपास. भिंतीतला साधा अ‍ॅडाप्टर त्याच्या कितीतरी पट देतो. अर्ध्या तासात साडेचार वॅटने सव्वादोन वॅट-तास निघतात, पाच हजारची बॅटरी साधारण एकोणीस वॅट-तासांची, म्हणजे वाटेत काहीच सांडलं नाही तरी बारा टक्क्यांच्या वर मिळणार नाहीत.

मग मी सॅकमधून टाईप सी ते टाईप सी वायर काढली. तिचा फोन आणि माझा थेट जोडला. आधी उलटंच झालं, माझाच फोन तिचा फोन भरायला लागला, मग नोटिफिकेशनवर टॅप करून दिशा बदलली. परत अर्धा तास. तिचा ५७ चा ४४, माझा १८ चा २८. तिचे तेरा गेले, मला दहा मिळाले, फोन खिशात ठेवला तरी चालू आणि उतार असो नसो काही फरक नाही. आणि हे वायरीचं देणं-घेणं सागरच्या त्या स्वस्त मॉडेलमध्येही आहे, सी पोर्टवाल्या बहुतेक नवीन फोनात असतं, फक्त कोणी जाहिरात करत नाही.

मेघा मात्र हटली नाही. "इयरबड्सच्या डबीचं काय? डबीची बॅटरी पाचशे एमएएच, तिला काय फोनएवढं लागतं का? वाया जाऊन जाऊन किती जाणार?" हे तिचं खरंय. डबीला दोन वॅट-तास लागतात, निम्मं सांडलं तरी फोनचे वीसेक टक्के गेले आणि गाणी दिवसभर चालली. पण डबीसुद्धा वायरलेसवाली असायला लागते, आणि तिला वायरही लावता येतेच की. २०१८ मध्ये हुआवेचा मेट २० प्रो आणि २०१९ मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी एस १० आला तेव्हापासून हे फीचर आहे, आमच्या ग्रुपमध्ये महिन्यातून एकदाही कोणी वापरत नाही. रिव्हर्सवर माझं मत तिथेच राहिलं.

पण नुसत्या वायरलेसवर राजूदादाने माझं मत फिरवलं, आणि ते मी मनापासून मान्य करतो.

मी म्हणत होतो की वीज फुकट जाते. तो म्हणाला विजेचं सोड, पॅडवर रोज आठ-दहा वॅट-तास जास्त जातात, वर्षाला तीन-साडेतीन युनिट, तीसेक रुपयांचा प्रश्न आहे. उष्णतेचं बोल. बॅटरीला ऊब मानवत नाही, मे महिन्यात उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डच्या पॅडवर फोन लावून मॅप चालवला तर फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, ते नुकसानीचं. पण घरात टेबलावर, कव्हर पातळ असेल, पॅडावर नीट बसला असेल तर एवढं काही होत नाही. क्यूआय २ म्हणजे वायरलेस चार्जिंगचं नवं स्टँडर्ड, त्याचा चुंबकाची रिंग असलेला पॅड घेतला तर फोन आपोआप बरोबर जागी बसतो, चुकीच्या जागी ठेवला की उष्णता जास्त होते.

"आणि पावसाळ्यात माझ्याकडे काय येतं बघ ना," तो म्हणाला. "पोर्टात पाणी. पिना हिरव्या पडलेल्या. खारी हवा आहे आपली. स्क्रीनवर ओलाव्याची सूचना येते आणि फोन वायरीने चार्जच होत नाही, माणूस रात्रभर फुंकर मारत बसतो." मागच्या जुलैत त्याच्याकडे एक मासळीवाल्या काकू आल्या होत्या, दिवसभराचे पैसे फोनवर घेतात, पोर्ट ओलं, बॅटरी चार टक्के. फोन वायरलेसवाला निघाला, दुकानातल्या पॅडवर तासभर ठेवला आणि काकू धंद्याला परत. पोर्ट दुसऱ्या दिवशी आपोआप सुकलं. पण तोच पुढे म्हणाला की फोनची मागची काच फुटली आणि कुठेतरी स्वस्तातली बसवून घेतली तर कॉईल नीट चिकटत नाही, मग पोर्ट चालू आणि वायरलेस बंद, अशीही गिऱ्हाईकं येतात.

सागर बाईकवर एमआयडीसीत जातो, रोज भिजतो, मागच्या फोनचं पोर्ट त्याने दोनदा बदललंय. मी विचारलं तुझ्याकडे पॅड आहे? नाही. चांगला अ‍ॅडाप्टर? जुना दहा वॅटवाला. मग नऊ हजारांवर पॅड आणि जास्त वॅट देणारा पीडी अ‍ॅडाप्टर धर, नाहीतर नवा पॅड त्या जुन्या अ‍ॅडाप्टरला लावशील आणि रात्रभर पाच वॅटने रांगत बसेल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एक पोर्ट बदलायला किती रे दादा? राजूदादा म्हणाला तुझ्या त्या मॉडेलला हजार-बाराशे. सागरने बोटांवर मोजलं, नऊ हजारांत सात-आठ वेळा पोर्ट बदलून होतं.

मेघा म्हणाली, "आणि दर वेळी दोन दिवस फोनशिवाय?"

पाऊस परत सुरू झाला, सागरने फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि बाईक काढली. अजून घेतलेला नाहीये त्याने.