वाजवली असेल, ऐकू आली नसेल

त्या मंगळवारी सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत मी लियोंमधील माझ्या घरात, दारापासून चार पावलांवर, आंघोळ पुढे ढकलून बसलो होतो. म्युनिकच्या मावशीने दिवाळीसाठी केलेल्या चकल्यांचे पार्सल येणार होते. एक वाजता खाली उतरून पाहिले तर टपालपेटीत चिठ्ठी: आपण घरी नव्हतात, पार्सल कोपऱ्यावरील फुलांच्या दुकानात मिळेल. फ्रान्समध्ये फुलवाले, किराणावाले आणि चावीवाले असली पार्सले सांभाळतात, त्यामुळे त्यात नवल काही नव्हते. नवल ‘नव्हतात’ या शब्दाचे होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. पार्सल तिथेही आलेले नव्हते. मी घरीच होतो आणि घंटा वाजलीच नाही, हे मी शक्य तेवढ्या सभ्य फ्रेंचमध्ये सांगितले. गुलाबाचे देठ कापणाऱ्या फुलवाल्याने मान वर न करता उत्तर दिले, “इल ओरा सोने, वू नोरे पा आंतांद्यु.”

आता, ‘ओरा’ हे भविष्यकाळाचे रूप आहे एवढे मला पक्के ठाऊक होते. पुस्तकात लिहिले होते की सहायक क्रियापद साध्या भविष्यकाळात ठेवून पुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक कृदंत जोडले की ‘फ्युत्युर आंतेरिअर’ तयार होतो, म्हणजे भविष्यातील एखाद्या क्षणापूर्वी पुरी झालेली क्रिया. तेव्हा पार्सल आणणारा माणूस घंटा वाजवणार आहे, असा अर्थ लावून मी आशेने विचारले, “केव्हा?”

“काल,” फुलवाला म्हणाला.

“काल तो कसा वाजवेल?”

माझ्या मागे शेवंतीची भली मोठी कुंडी छातीशी धरून एक आजोबा उभे होते. एक नोव्हेंबर जवळ आला होता, आणि त्या दिवशी इकडे थडग्यांवर शेवंती ठेवतात. पानांच्या आडून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता. “मस्यो,” ते म्हणाले, “तो वाजवणार नाही. त्याने वाजवली असेल.” अर्थात हे ते फ्रेंचमध्ये म्हणाले, पण माझ्या डोक्यात ते थेट मराठीत उमटले, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. शाळेत ‘त्याने आंबा खाल्ला असेल’ हा पूर्ण भविष्यकाळ म्हणून आपण घोकतो आणि उरलेले आयुष्य तेच रूप घडून गेलेल्या गोष्टींचा अंदाज बांधायला वापरतो. ‘विसरला असेल’, ‘गाडी चुकली असेल’ या वाक्यांत भविष्य कुठे असते? फ्रेंच माणूस नेमके तेच करतो, आणि हे कळायला मला एक परका म्हातारा लागावा!

आजोबांना मात्र विद्यार्थी सापडला होता. कुंडी खाली ठेवण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. “वाक्यात पुढचा क्षण दिलेला आहे का, ते पाहा,” ते म्हणाले. “बारापर्यंत मी ही फुले बायकोकडे पोहोचवलेली असतील. पाहा, इथे ‘बारापर्यंत’ आहे, म्हणून हा बेत झाला. ‘काल’ असेल तर तो अंदाज.” बायकोकडे म्हणजे कबरीवर, हे लक्षात येऊन मी गंभीर चेहरा केला, पण ते उदाहरणावर इतके खूश होते की त्यांनी ते दोनदा म्हटले. रोजच्या बोलण्यात अशा अंदाजाला ‘इल आ द्यु सोने’, म्हणजे ‘वाजवली असणार’, हे अधिक चालते, हेही त्यांनी सांगितले, आणि ‘ओरा’ला जरा निकालपत्राचा वास येतो, असे त्यांचे स्वतःचे मत जोडले. हे मत मला तत्काळ पटले. ‘त्याने वाजवली’ असे फुलवाला म्हणाला असता तर मी पुरावा मागितला असता. ‘वाजवली असेल’ला पुरावा लागत नाही. तरीही दोष ज्याच्या पदरात पडायचा त्याच्या पदरात पडतोच, आणि कान माझेच बाद ठरतात.

मी भांडण सोडले आणि विनंतीवर आलो. पार्सल मिळाले की मला फोन करा, हे मी मराठीतून विचार करत सांगितले. ‘मिळाले की’मध्ये आपण भूतकाळी रूप वापरतो, म्हणून माझ्या तोंडून ‘कां वूझावे रस्यु’ निघाले. कुंडी हादरली. “ओरे! वूझोरे!” दोन्ही क्रिया पुढे घडायच्या असतील आणि त्यांतील एक आधी संपायची असेल, तर ‘जेव्हा’ या अर्थाच्या ‘कां’ किंवा ‘होताच’ या अर्थाच्या ‘दे क’नंतर त्या आधीच्या क्रियेला हेच रूप लागते: तुम्हाला पार्सल मिळालेले असेल, तेव्हा तुम्ही फोन कराल. आपल्याला हा उगाच पसारा वाटतो, पण फ्रेंच माणसाला त्याशिवाय रांग लागत नाही.

मी उत्साहाने पुढचे वाक्य सुधारून टाकले: जर शुक्रवारपूर्वी मिळाले, तर. ‘सि वूझोरे...’ एवढे म्हणताच आजोबांनी डोळे मिटले. ‘जर’ या अर्थाच्या ‘सि’नंतर भविष्यकाळ चालत नाही, तिथे मी मघाशी चुकून वापरलेले ‘वूझावे रस्यु’ हेच बरोबर होते. म्हणजे माझे चुकीचे वाक्य बरोबर जागी नव्हते आणि बरोबर वाक्य चुकीच्या जागी होते. एवढ्या वेळात फुलवाल्याने तीन गिऱ्हाइके उरकली. पार्सलाचे काय, हे विचारल्यावर तो म्हणाला, “शुक्रवारपर्यंत आलेले असेल.” हे भाकीत होते. शुक्रवारपर्यंत ते आलेले नव्हते.

शुक्रवारी मी त्याला संदेश पाठवला की सहापर्यंत माझे काम संपलेले असेल, मग येतो. ‘जोरे फिनी’ लिहिताना मी ‘जोरे’च्या शेवटी एक ‘एस’ जास्त टाकला. पुष्कळांच्या तोंडी दोन्ही रूपे सारखीच ऐकू येतात, पण कागदावर त्या एका अक्षराने ‘संपवलेले असेल’चे ‘संपवले असते’ होते. त्याने उलट विचारले, “मग काय आड आले?” खरे आड काय आले ते त्याच्या शेजारच्या पाटीवरच होते: दुकान साडेपाचला बंद.

पार्सल पुढच्या गुरुवारी, म्हणजे चिठ्ठीनंतर नऊ दिवसांनी, मिळाले. मी कंपनीला तक्रार लिहिली आणि पहिलेच वाक्य मुद्दाम असे योजले: ‘इल ओरा फाल्यु नफ जूर’, अखेर नऊ दिवस लागले. फ्रेंच वृत्तपत्रे घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब मांडताना हीच रचना वापरतात, आणि त्यात एक थंड कडवटपणा असतो, जो मला हवा होता. चकल्यांचे तुकडे झाले होते हेही लिहिले. उत्तर चार ओळींचे आले. विलंबाचा उल्लेख नव्हता. तुकड्यांविषयी म्हटले होते, ‘ल कोली ओरा एते माल आंबाले’: पार्सल नीट बांधलेले नसेल.

मावशीने ते पार्सल दोन खोक्यांत, मध्ये टॉवेल घालून बांधले होते. तिला हे वाक्य मी अजून मराठीत सांगितलेले नाही. ती दर आठवड्याला फोनवर विचारते, आणि मी म्हणतो की चकल्या छान होत्या, तुकडे वाटेत झाले असतील.