दाजींचा मोबाइल आणि चार कोपरे

जाहिरातीत कोणी मोबाइल हातात घेतला आणि त्याच्या पडद्यावर काही लखलखीत दिसले, तर ते चित्रीकरणाच्या वेळी तिथे नव्हते असे खुशाल समजावे. ते नंतर कोणीतरी संगणकापुढे बसून चिकटवलेले असते. परभणीत हे चिकटवण्याचे काम करणाऱ्या मोजक्या माणसांत माझी गणना होते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आम्हाला कितीही प्रिय असले, तरी या कामाचा दर ऐकताना समोरच्याला त्यातली फक्त परभणीच आठवते.

हे काम मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचे होते. शेठनी शेतकऱ्यांसाठी रोजचे भाव सांगणारे ॲप काढायचे ठरवले होते आणि त्याची जाहिरात हवी होती. शेतकरी बांधावर उभा आहे, खिशातून मोबाइल काढतो, सोयाबीनचा भाव पाहतो, अंगठ्याने यादी वर सरकवतो आणि हसतो, एवढेच आठ सेकंदांचे दृश्य होते. शेतकऱ्याच्या भूमिकेत शेठचे दाजी होते, कारण उपरणे त्यांच्या घरचे होते आणि मेहुण्याकडून मानधन मागण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. ॲप मात्र अजून तयार व्हायचे होते.

“मंग ॲप झाल्यावरच शूटिंग करू की,” शेठ म्हणाले. “खरं ॲप, खरा मोबाइल. चिकटवाचिकटवी कशाला?”

प्रश्न वाजवी होता. परंतु मे महिन्यातल्या परभणीच्या दुपारी शेत नीट दिसेल असा कॅमेरा लावला की मोबाइलचा पडदा काळवंडतो, आणि पडदा वाचता येईल असा कॅमेरा लावला की दाजींसकट सगळे शेत पांढरेफटक होते. शिवाय पडद्याचे लुकलुकणे आणि कॅमेऱ्याच्या शटरची गती जुळली नाही, तर पडद्यावरून काळे पट्टे सरकू लागतात. म्हणून पडदा नंतर बसवायचे ठरले. चित्रीकरणाला मदतीला आलेल्या शेठच्या पुतण्याने मोबाइलवर हिरवा रंग लावण्याचा आग्रह धरला, कारण सगळे तसेच करतात असे त्याने पाहिले होते. उजळ हिरवा पडदा लावला की त्याची हिरवी झाक बोटांवर उतरते, मग ती काढत बसावे लागते, आणि काचेवरचे खरे प्रतिबिंबही त्या उजेडात हरवते. मी मोबाइल बंद ठेवायला लावला. बंद मोबाइल धरून हसण्याचा अभिनय दाजींना जमेना, पण तो दिग्दर्शकाचा प्रश्न होता, आणि सुदैवाने त्या दिवशी दिग्दर्शक मी नव्हतो.

आता मूळ कामाकडे येतो. सपाट आयताकृती वस्तू कॅमेऱ्याला कशीही तिरपी दिसली, तरी तिचे चार कोपरे चित्रात कुठे आहेत एवढे कळले की पुरते. प्रत्येक कोपऱ्याचे एक आडवे आणि एक उभे माप, म्हणजे एकूण आठ आकडे. बाजेवर चादर चारही टोकांना ओढून बसवावी, तसे ॲपचे चित्र त्या चार कोपऱ्यांना ओढून बसवले की लांबची कड आपोआप आखूड होते, जवळची रुंद होते आणि डोळ्याला ते पटते. यालाच आमच्याकडे कॉर्नर पिन म्हणतात. एका चित्रासाठी हे काम चहा निवायच्या आत होते. अडचण अशी की सेकंदाला 25 चित्रे या हिशेबाने आठ सेकंदांत 200 चित्रे होतात, आणि दाजी त्यांतल्या एकाही चित्रात स्थिर उभे नाहीत.

कोपऱ्यांचा पाठलाग संगणकाने करावा यासाठी ट्रॅकिंग असते. आफ्टर इफेक्ट्स या चित्रे जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपऱ्यांवर चार चौकटी ठेवून `Perspective corner pin` हा पर्याय निवडता येतो. त्यात प्रत्येक चौकट आपापल्या ठिपक्यामागे धावते, आणि एक ठिपका बोटाखाली गेला की ती चौकट बिनदिक्कत बोटालाच कोपरा समजून पुढे जाते. दाजींचा अंगठा तर उजव्या खालच्या कोपऱ्यावर मुक्कामालाच होता. म्हणून मी मोका हे ट्रॅकिंगचे दुसरे सॉफ्टवेअर उघडले. ते ठिपक्यांऐवजी पूर्ण सपाट पृष्ठभागावरच्या खुणांचा माग काढते, त्यामुळे एखाददुसरा कोपरा झाकला गेला तरी उरलेल्या भागावरून त्याला अंदाज येतो.

पण बंद मोबाइलच्या काचेवर खुणा कसल्या? तिथे होता बांधावरच्या लिंबाच्या झाडाचा स्वच्छ शेंडा. प्रतिबिंब काचेला चिकटलेले नसते. मोबाइल जरा कलला की ते काचेवरून भलतीकडे पळते, आणि ट्रॅकर त्याच्यावर विश्वास ठेवून पडदाही त्याच्याबरोबर पाठवतो. पुतण्याने कुतूहलाने सगळ्या पडद्याभोवती आकार काढून चालवून पाहिले, तेव्हा सोयाबीनचा भाव दाजींच्या मनगटावरून घसरत कपाशीत गेला. उपाय असा की मोबाइलच्या बाहेरच्या कडेभोवती एक आकार काढायचा, त्याच थरात आतल्या काचेएवढा दुसरा आकार काढून तेवढा भाग वगळायचा आणि नुसत्या चौकटीचा माग काढायचा. अंगठ्याभोवती वेगळा थर काढून तो वर ठेवायचा, म्हणजे त्याखालचा भाग हिशेबातून सुटतो. सुरुवात पहिल्या चित्रापासून करण्याची गरज नाही. मोबाइल सर्वांत मोठा आणि समोरासमोर दिसतो ते चित्र निवडायचे आणि तिथून पुढे व मागे असा दोन्हीकडे माग काढायचा. गतीच्या प्रकारांत `Perspective` चालू ठेवायचे, नाहीतर मोबाइल कलला तरी भाव सरळच राहतो.

कोपरे बसवताना आणखी एक पेच येतो. आजच्या मोबाइलला कोपरेच नाहीत, ते गोल आहेत. त्या गोलाईवर पिन ठोकली तर चित्र आत ओढले जाते. म्हणून दोन सरळ कडा पुढे वाढवल्या तर जिथे एकमेकींना भेटतील, त्या हवेतल्या बिंदूवर पिन लावायची, आणि गोलाई नंतर ॲपच्या चित्रालाच कापून द्यायची.

इतके झाल्यावर दाजींनी दृश्याच्या मध्यात उपरण्याच्या टोकाने मोबाइल पुसला. पटकथेत हे नव्हते. विचारल्यावर ते म्हणाले, “धूळ बसलती की वो. कंपनीची जाहिरात हाय, मळका मोबाइल दिसायला बरं का?” युक्तिवाद बिनतोड होता. परंतु उपरणे फिरत असताना काही चित्रांत मोबाइलची एकच कड उघडी राहिली, आणि एका कडेवरून कोणत्याही ट्रॅकरला चार कोपऱ्यांचा अंदाज येत नाही. तिथे ट्रॅकिंग थांबवून उपरण्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे चांगले चित्र धरले, मधली वाटचाल हाताने भरली आणि जिथे घसरण वाटली तिथे `Adjust Track` वापरून कोपरा केसभर सरकवला. घसरण ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे दृश्य उलटे स्थिर करून पाहणे. मोबाइल पडद्यावर जागच्या जागी खिळवायचा आणि बाकीचे सगळे जग त्याच्याभोवती हलू द्यायचे. त्यात दाजी, बांध आणि लिंब असे काही गदागदा हलतात की पाहणाऱ्याला मळमळते, पण मोबाइलची कड एका पिक्सेलने जरी थरथरली तरी लगेच नजरेत भरते.

मग अंगठा आणि उपरणे मूळ चित्रातून कापून ॲपच्या वर आणून ठेवायचे. अंगठ्याचे ठीक आहे, त्याला कड आहे. उपरण्याच्या दशांना कड नसते, आणि वारा सुटलेला होता. त्या दशांविषयी मी येथे अधिक लिहीत नाही.

एवढे करूनही भाव चिकटवलेलाच दिसत होता, कारण तो फार स्वच्छ होता. उन्हातल्या काचेवर काळा रंग कधी ठार काळा नसतो, म्हणून ॲपचे काळे जरा राखाडीकडे नेले. मोबाइल झपकन वर येताना फरफटल्यासारखा पुसट दिसत होता आणि आकडे मात्र सुवाच्य होते, म्हणून त्यांनाही तेवढाच पुसटपणा दिला. शेवटी बंद मोबाइलचे मूळ चित्र `Screen` पद्धतीने ॲपवर हलकेच पसरले. या पद्धतीत काळे गळून जाते आणि उजेड तेवढा उरतो, त्यामुळे लिंबाचा शेंडा भावावरून हळूच सरकला आणि ॲप पहिल्यांदा काचेच्या आत गेले. पडदा काळा ठेवायचा आग्रह एवढ्यासाठीच होता.

शेठना चित्रफीत दाखवली. त्यांनी काच, लिंब आणि अंगठा यांकडे ढुंकूनही न पाहता आकडा वाचला. 2024-25 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि मी बाजारात चालू असलेला त्याहून कमी भाव लिहिला होता.

“ह्येच्याहून खाली दाखिवला तर पेपरवाले येतेल,” शेठ म्हणाले, “अन् वर दाखिवला तर उद्या सकाळी समदे शेतकरी हाच मोबाइल घिऊन दुकानावर येतेल.”

सुदैवाने ॲपचे चित्र मी 1080 बाय 2400 पिक्सेलच्या वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे स्वतंत्र चौकटीत, ठेवले होते आणि कोपरे त्या कॉम्पोझिशनला बांधलेले होते. आतला आकडा बदलला की बाहेरचे ट्रॅकिंग, अंगठा, दशा, सगळे जिथल्या तिथे राहते. त्यामुळे भाव हमीभावाएवढा झाला, मग शेठच्या मुलाच्या सल्ल्याने थोडा वाढला, मग वकिलांच्या सल्ल्याने आकडा जाऊन ‘आजचा उत्तम भाव’ असे शब्द आले. दर वेळी मी फक्त पुन्हा रेंडर लावत होतो आणि वीज जाऊ नये अशी प्रार्थना करत होतो. यादी मात्र अंगठ्याबरोबरच हलायला हवी होती. दाजींनी अंगठा दोनदा वर नेला होता, तेव्हा सोयाबीननंतर तूर आणि तुरीनंतर हरभरा येणे भाग पडले. शेठ तुरीवरच थांबायला तयार होते.

शेवटी सगळे मंजूर झाल्यावर शेठनी चित्रफीत मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करून पाहिली आणि वरच्या कोपऱ्यात नख रोवले. तिथे एक बारीक भेग होती. दाजींच्या मोबाइलचे स्क्रीनगार्ड तडकलेले होते, आणि मूळ चित्र वर पसरताना लिंबाबरोबर तडाही इमानेइतबारे आला होता. आमच्या कंपनीचे ॲप फुटक्या मोबाइलवर चालते असा अर्थ निघेल, असे शेठचे म्हणणे पडले. तडा काचेला चिकटलेला असल्यामुळे तो मोबाइलबरोबरच हलत होता. म्हणून स्थिर केलेल्या एका चित्रात तो शेजारच्या रंगाने बुजवला आणि तेवढा तुकडा त्याच चार कोपऱ्यांना बांधून सगळ्या दृश्यात परत पाठवला. काम चोख झाले आणि मी बिलात ‘स्क्रीनवरील तडा काढणे’ अशी स्वतंत्र ओळ घातली.

शेठनी ती ओळ बोट ठेवून वाचली आणि दाजींकडे वळून म्हणाले, “दाजी, स्टँडवरच्या दुकानात शंभर रुपयांत नवं गार्ड बसवून देतेत की वो.”