एक तारा मिळालेल्या डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सोलापुरात आपला दातांचा लहानसा दवाखाना आहे, दोन खुर्च्या आहेत, एक मदतनीस आहे आणि रात्री साडेदहा वाजता मोबाइलवर गूगलची सूचना येते की कोणीतरी आपल्याला एक तारा दिला आहे. आपण ताबडतोब उत्तर लिहायला घ्यावे. सकाळपर्यंत थांबण्याची चूक करू नये, कारण सकाळी राग उतरलेला असतो, मदतनिसाला विचारून नोंदवही पाहता येते आणि तक्रारीतील काही भाग खरा निघण्याचा धोका असतो.

उदाहरणासाठी जुळे सोलापुरातील एका काल्पनिक गृहस्थांचा अभिप्राय घेऊ. ते लिहितात : ‘दीड तास बसवून ठेवले. रूट कॅनालचे चार हजार सांगितले आणि नंतर कॅपचे पाच हजार वेगळे काढले. चौथा दिवस आहे, अजून घास चावता येत नाही. नुसता पैसे उकळायचा धंदा.’ यात उशीर, दर आणि दुखणे अशा तीन तपासता येण्याजोग्या गोष्टी असून चौथे वाक्य संतापाचे आहे. अनुभवी डॉक्टर अर्थातच पहिल्या तिन्ही गोष्टी सोडून चौथ्या वाक्याला उत्तर देतो.

उत्तर असे असावे : ‘आपण दोन तारखेला आलात तेव्हा आपली साखर वाढलेली होती, तंबाखूमुळे हिरड्यांची काय अवस्था होती ते आम्हालाच ठाऊक, आणि मागचे आठशे रुपये अजून बाकी आहेत.’ एवढ्या तीन ओळींत आपण सिद्ध करता की आपल्याकडे नोंदी चोख ठेवल्या जातात. त्या गृहस्थांच्या मुलीचे लग्न ठरत असेल तर अक्कलकोटच्या पाहुण्यांनाही घरबसल्या माहिती मिळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाकडून कळलेली गोष्ट उघड करण्यास डॉक्टरांना मनाई केली आहे आणि न्यायालयाचा आदेश, कोणाला असलेला गंभीर धोका किंवा कळवणे बंधनकारक असलेला आजार एवढेच अपवाद ठेवले आहेत. गोपनीयता दंतवैद्यांनाही पाळावीच लागते. मात्र एक तारा मिळणे या अपवादांत का घातले नाही, याचे आश्चर्य वाटते. ‘रुग्णाने स्वतःच जगजाहीर केले, मग मी बोललो तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद आपल्याला सुचेलच. रुग्णाने स्वतःचे गुपित सांगितले म्हणून डॉक्टरला ते सांगण्याची मुभा मिळत नाही, आणि ‘आपण आमच्याकडे उपचारासाठी आला होता’ एवढे साधे वाक्यही तो आपला रुग्ण असल्याची जाहीर कबुलीच असते, असे काही भित्री माणसे म्हणतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

ज्यांना एवढे लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुन्हा अवश्य भेट द्या’ हे तयार वाक्य चिकटवावे. पाच तारे देणाऱ्याला आणि दाढ धरून बसलेल्याला एकच वाक्य मिळाले की दवाखान्यात भेदभाव नाही, हे आपोआप दिसते.

त्याच रात्री नातेवाइकांना कामाला लावावे. हैदराबादच्या मावसभावाने सोलापुरात कधी तोंड उघडून दाखवले नसले तरी त्याचे पाच तारे चालतात, आणि आपल्याच मदतनिसाने ‘आमचे डॉक्टर फार प्रेमळ आहेत’ असे लिहिले तर त्यातल्या ‘आमचे’ या शब्दाने वाचणाऱ्याला सगळे उमगते. गूगलच्या नियमांत असे हितसंबंधी अभिप्राय बसत नाहीत. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय बदलून घेणेही बसत नाही. उलट खरा पण न आवडलेला अभिप्राय काढून टाकण्याची सोय मात्र गूगलने ठेवलेली नाही. शिवीगाळ, बनावट किंवा विषयाशी संबंध नसलेला असा नियम मोडणारा मजकूर असेल तर तक्रार करून उपयोग होतो. मग उरते ती अब्रुनुकसानीची नोटीस. ‘दुखते आहे’ या विधानाने आपली अब्रू कशी गेली, हे वकिलांना समजावून सांगण्यात एखादी संध्याकाळ छान जाते.

आता एक इशारा देतो, कारण आपल्याच गल्लीत या अभिप्रायाला वेगळेच उत्तर देणारा एखादा निघू शकतो. तो सकाळी नोंदवही पाहतो, मदतनिसाला विचारतो आणि असे काहीतरी नीरस लिहितो :

‘नमस्कार. कोणाच्याही उपचारांविषयी आम्ही येथे लिहू शकत नाही, म्हणून फक्त आमच्या दवाखान्याच्या पद्धतीविषयी सांगतो. संध्याकाळी आमच्याकडे दिलेली वेळ पाळली जात नाही, ही तक्रार योग्य आहे. तोंडाला सूज आलेला रुग्ण अचानक आला की पुढच्या सर्वांची वेळ सरकते आणि बाहेर बसलेल्यांना ते कोणी सांगत नाही. यापुढे वीस मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल तर आम्ही आधी फोन करू. रूट कॅनालच्या दरात कॅप धरलेली नसते. हे आम्ही आजवर तोंडी सांगत होतो; आता दोन्ही रकमा उपचार सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहून देऊ. रूट कॅनालनंतर काही दिवस चावताना दुखू शकते आणि ते दिवसागणिक कमी होत जाते. ते वाढत असेल, सूज आली किंवा ताप आला तर वाट न पाहता दाखवावे. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक भाकरी चावू नये. दवाखान्याच्या क्रमांकावर सकाळी दहा ते एक या वेळेत मी स्वतः बोलेन.’

या उत्तरात काय आहे? तारीख नाही, साखर नाही, बाकी नाही, तो माणूस आला होता की नाही हेसुद्धा नाही. जे दवाखान्याचे स्वतःचे आहे, म्हणजे दर, वेळा आणि रीत, तेवढेच सांगितले आहे आणि रुग्णाचे जे आहे ते रुग्णाकडेच ठेवले आहे. ‘पैसे उकळायचा धंदा’ या वाक्याला तर उत्तरच नाही, जणू ते वाचलेच नाही! शिवाय ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ या आपल्या सर्वांच्या लाडक्या ‘असल्यास’चाही पत्ता नाही, उशीर होतो म्हणून सरळ मान्य केले आहे. कॅपच्या बाबतीत मात्र डॉक्टर तसूभर हललेला नाही. मुळातली नस काढून टाकलेली दाढ पुढे ठिसूळ राहते आणि चावण्याच्या जोराने तडकू शकते, म्हणून कॅप लागते व तिचा खर्च वेगळा असतो, ही बाजू सोडण्याची त्याला गरज वाटली नाही. तो चुकला असेल तर एवढ्याचपुरता की रक्कम आधी कागदावर दिली नव्हती.

त्याहून वाईट असे की त्याने हे उत्तर त्या गृहस्थांसाठी लिहिलेलेच नाही. ते लिहिले आहे रात्री अकरा वाजता दाढ दुखते म्हणून होटगी रोडवरच्या घरात फोन चाळत बसलेल्या अनोळखी बाईंसाठी, ज्यांना या भांडणात कोण जिंकले यात काडीचाही रस नसून एकूण किती पैसे लागतील आणि किती वेळ बसावे लागेल एवढेच हवे आहे.

आणि एवढे करून त्याला मिळते काय? तारा एकच राहतो. गृहस्थ अभिप्राय बदलत नाहीत, क्षमाही मागत नाहीत. दवाखान्यात फोन करणारे मात्र ‘कॅपसकट किती होतील?’ असे आधीच विचारू लागतात, आणि मदतनिसाला प्रत्येकाला दोन रकमांचा कागद लिहून द्यावा लागतो, तोही मराठी न वाचणाऱ्यांसाठी कधी कन्नडमध्ये आणि कधी तेलुगूमध्ये.