सस्पेंड झालेली साइट परत मिळवणं: फिरत्या मेसेजला उत्तर

«होस्टिंग अकाउंट सस्पेंड होऊन साइट डिलीट झाली तरी घाबरायचं कारण नाही. होस्ट रोज बॅकअप घेतोच, मागितला की देतो. नाही दिला तर बॅकअप प्लगिनमधून एका क्लिकवर रिस्टोर करा. आणि तेही नसेल तर गुगल कॅशे आणि वेबॅक मशीनवर अख्खी साइट असतेच, तिथून उतरवून घ्या.»

हा मेसेज वाचून निर्धास्त झालेल्या माणसांच्या साइट मी गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

पहिल्याच वाक्यात सस्पेंड आणि डिलीट हे एकाच दमात आलेत, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. सीपॅनेलवर खातं सस्पेंड होतं तेव्हा फायली आणि डेटाबेस सर्व्हरवर जसेच्या तसे असतात. पाहुण्याला फक्त `suspendedpage.cgi` हे पान दिसतं आणि मालकाला लॉगिन बंद होतं. खातं टर्मिनेट होतं तेव्हा मात्र होम डिरेक्टरी, डेटाबेस आणि मेलबॉक्स सर्व्हरवरून पुसले जातात. बिल थकल्यामुळे सस्पेंड झालं असेल, तर ठरावीक दिवसांनी टर्मिनेट करण्याचं काम बहुतेक ठिकाणी बिलिंग सॉफ्टवेअर आपोआप उरकतं, कुणी माणूस फाइल उघडून विचार करत बसत नाही. म्हणून होस्टला पहिला प्रश्न हाच विचारायचा: खातं सध्या सस्पेंड आहे की टर्मिनेट, आणि सस्पेंड असेल तर टर्मिनेट कधी होणार? तारीख लेखी मागा.

आता रोजच्या बॅकअपबद्दल. होस्ट बॅकअप घेतो हे बहुधा खरं असतं, पण तो स्वतःच्या सोयीसाठी घेतलेला असतो. सीपॅनेलच्या बॅकअप व्यवस्थेत सस्पेंड खात्यांचा बॅकअप घ्यायचा की नाही, याचा वेगळा पर्याय आहे आणि तो होस्टच्या हातात असतो. तो बंद असेल तर काय होतं ते पाहा. समजा रोजच्या पाच प्रती ठेवायच्या असं ठरलंय. खातं सस्पेंड झालं त्या दिवसापासून तुमची नवी प्रत तयार होत नाही, पण जुनी मात्र रोज एक गळते. सहाव्या दिवशी रोजच्या प्रतींत तुमचं काहीच उरत नाही, आणि सस्पेंड खातं तर अजून सर्व्हरवर आहे म्हणून तुम्ही निवांत असता. आठवड्याची किंवा महिन्याची वेगळी प्रत असेल तरच पुढे काही हाती लागतं. शिवाय फायलींची संख्या किंवा जागा एका मर्यादेपलीकडे गेली की त्या खात्याचा बॅकअप घेणार नाही, हे अनेक शेअर्ड होस्ट अटींत लिहून ठेवतात. मोठ्या मीडिया लायब्ररीवाले नेमके त्यात सापडतात.

त्यामुळे तिकीट लिहिताना «साइट चालू करा» एवढ्यावर थांबू नका. वादाचं कारण काहीही असो, आधी प्रत मागा: «खातं चालू करण्याचा निर्णय तुमच्या पद्धतीनं होऊ द्या, पण मला पूर्ण खात्याचा बॅकअप, होम डिरेक्टरी आणि डेटाबेससह, डाउनलोडसाठी द्या. टर्मिनेट झालं असेल तर उपलब्ध शेवटच्या प्रतीची तारीख कळवा आणि ती प्रत आपोआप पुसली जाणार नाही असं बाजूला काढून ठेवा.» शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. तिकिटावर उत्तरं यायला तीन दिवस लागले तर त्या तीन दिवसांत प्रती गळतच असतात.

फाइल मिळाली की ती उघडून आत डेटाबेस आहे ना, हे लगेच बघा. नुसत्या फायली देऊन डेटाबेस राहून गेल्याचं मी दोनदा पाहिलंय, आणि वर्डप्रेसचे लेख तर डेटाबेसमध्येच असतात.

```
tar -tzf cpmove-user.tar.gz | grep 'mysql/.*\.sql$'
```

या ओळीनं काहीच छापलं नाही तर त्याच दिवशी होस्टला परत लिहा.

प्लगिनच्या बॅकअपचं वाक्य अर्धं खरं आहे. प्रत कुठे ठेवली आहे यावर सगळं अवलंबून. अपड्राफ्टप्लसमध्ये बाहेरची जागा निवडली नसेल, तर प्रती `wp-content/updraft` या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच सर्व्हरवर पडतात. खातं गेलं की बॅकअपही गेला. होस्टकडून होम डिरेक्टरी मिळालीच तर हा फोल्डर आधी शोधा, कारण त्यात कधीकधी होस्टच्या प्रतीपेक्षा जुनी पण धड प्रत सापडते. ड्राइव्हसारख्या बाहेरच्या जागी प्रती जात असतील तरी शेवटची तारीख तपासा. वर्डप्रेसचं वेळापत्रक साइटवर कुणी आलं तरच हलतं, त्यामुळे कमी वर्दळीच्या साइटवर «रोजचा» बॅकअप चार-चार दिवस होत नाही.

आणि एका क्लिकचं म्हणाल तर नव्या होस्टवर ती क्लिक करण्याआधी कोरं वर्डप्रेस आणि तेच प्लगिन टाकावं लागतं, कारण मोफत आवृत्तीच्या प्रतीत वर्डप्रेसचा गाभा आणि `wp-config.php` नसतात. असतात ते डेटाबेस, प्लगिन, थीम, अपलोड आणि इतर असे वेगवेगळे तुकडे. अपलोड मोठे असतील तर त्यांचेही `uploads.zip`, `uploads2.zip` असे भाग पडतात. मधला एक भाग नसेल तर लेख दिसतात, पण काही चित्रांच्या जागी रिकामे चौकोन येतात. डेटाबेसची फाइल धड आहे का, हे `gunzip -t` नं आधीच कळतं.

सस्पेंड होण्याचं कारण मालवेअर असेल तर प्लगिन आणि थीम बॅकअपमधून आणूच नका, मूळ ठिकाणाहून नवीन घ्या. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी फायलींना सहसा काही काम नसतं, त्यामुळे परत चढवण्याआधी हे चालवा:

```
find uploads -type f -name '*.php'
```

काही निघालं तर उघडून बघा. नुसती रिकामी `index.php` असेल तर ठीक. गिचमिड कोड असेल तर जी साइट परत आणताय तीच पुन्हा सस्पेंड होणार आहे. डेटाबेसमध्ये अनोळखी अ‍ॅडमिन युजर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

शेवटचं वाक्य मात्र साफ चुकीचं आहे. गुगलनं शोधनिकालांतले कॅशेचे दुवे 2024 च्या सुरुवातीला काढून टाकले आणि त्याच वर्षी `cache:` ही सोयही बंद केली. आता गुगल स्वतःच निकालाच्या माहितीतून वेबॅक मशीनकडे पाठवतं. आणि वेबॅक मशीनवर असतात ती पाहुण्याला दिसलेली पानं, साइट नव्हे. डेटाबेस, मसुदे, सदस्यांची खाती, ऑर्डरी, फॉर्मातून आलेली माहिती यांतलं काहीही तिथे नसतं. काही पानं कधी टिपलीच गेलेली नसतात.

तरी ते फार कामाचं आहे, पण जोडकाम म्हणून. एका मैत्रिणीची लेखांची साइट गेली तेव्हाचं सांगतो. बिलाचे मेल तिच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात होते. कळेपर्यंत खातं टर्मिनेट होऊन दोन दिवस झाले होते आणि होस्टकडे प्रत उरली नव्हती. साइटवर 212 लेख होते. थीम बदलताना नऊ महिन्यांपूर्वी तिनं अपड्राफ्टप्लसच्या फायली लॅपटॉपवर उतरवल्या होत्या, त्यात 171 निघाले. प्रश्न उरला 41 लेखांचा.

आधी जुनी प्रत नव्या होस्टवर चढवून चालू केली, आणि मग वेबॅक मशीनकडून पानांची यादी मागवली:

```
curl "https://web.archive.org/cdx/search/cdx?url=example.com/*&filter=statuscode:200&filter=mimetype:text/html&fl=timestamp,original,digest" > yadi.txt
```

पुष्कळ जण यात `collapse=urlkey` जोडतात. तसं केलं की प्रत्येक पत्त्याची सर्वांत जुनी प्रत मिळते, नंतर केलेल्या दुरुस्त्या हरवतात. आम्ही पूर्ण यादी घेऊन प्रत्येक पत्त्याची शेवटची नोंद निवडली. पण शेवटची म्हणजे सस्पेंड होण्याच्या आधीची. `to=` देऊन तारीख अडवता येते. तिच्या होस्टनं सस्पेंडचं पान मूळ पत्त्यांवरच 200 या कोडनं दाखवलं होतं, त्यामुळे यादीत ते लेख असल्यासारखंच दिसत होतं. वेगवेगळ्या पत्त्यांसमोर एकच digest, म्हणजे पानाच्या मजकुरावरून काढलेला ठसा, दिसला तेव्हा ते ओळखू आलं: दहा लेखांचा मजकूर अक्षरशः सारखा असूच शकत नाही.

पान उतरवताना तारखेच्या आकड्यांमागे `id_` लावायचं:

```
https://web.archive.org/web/20240211093045id_/https://example.com/lekh/
```

असं केलं की वेबॅकची वरची पट्टी आणि बदललेले दुवे न येता मूळ एचटीएमएल हाती येतं. मागण्या धडाधड करू नका, तिथे अडवतात. दोन पानांमध्ये काही सेकंद जाऊ द्या.

41 पैकी 33 असे मिळाले. तीन लेख गुगल सर्च कन्सोलमधून काढले. URL तपासणीत `View crawled page` उघडलं की गुगलनं वाचलेल्या पानाचा एचटीएमएल दिसतो. हे जमलं कारण तिची मालकी डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीनं सिद्ध केलेली होती आणि डीएनएस होस्टकडे नव्हतं. मालकीचा पुरावा साइटवरच्या फाइलमध्ये असता तर साइटबरोबर तो दरवाजाही बंद झाला असता. ही खिडकी फार काळ उघडी राहत नाही: गुगल पुन्हा आलं आणि पान सापडलं नाही की ते पान अनुक्रमणिकेतून जातं, म्हणून सर्च कन्सोल पहिल्याच दिवशी उघडा. आणखी तीन लेख एका वाचकाच्या फीड रीडरमध्ये पूर्ण मजकुरासह पडून होते.

प्रत्येक लेख नव्यानं टाकताना जुनाच स्लग आणि जुनीच तारीख दिली, म्हणजे बाहेरून आलेले दुवे तुटले नाहीत. चित्रांच्या बाबतीत वेबॅकवर बहुधा `-1024x768` असं शेपूट असलेली लहान प्रत मिळाली, मूळ फाइल नाही. तीच चढवली. प्रतिक्रिया तिच्या मेलबॉक्समधल्या सूचनांवरून हातानं उतरवल्या, त्या कामाला एक पूर्ण रविवार गेला.

दोन लेख कुठेच सापडले नाहीत. सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात 16 महिन्यांचे आकडे राहतात, त्यात त्या दोन्ही पानांचे पत्ते आणि लोक कोणते शब्द टाकून तिथे आले ते दिसत होतं. त्यातला एक ती त्या शब्दांवरून आठवून पुन्हा लिहिते आहे.