डबीतले कोटी

रक्त द्यायचं असेल तर दंड पुढे करायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं. लघवी द्यायची असेल तर कोपऱ्यातल्या संडासात जाऊन यायचं. या दोन्ही कामांत तुमच्या कर्तबगारीवर काही अवलंबून नसतं. वीर्यतपासणीचं तसं नाही. तिथे 'सॅम्पल' स्वतःच्या हिमतीवर मिळवावं लागतं आणि तेही बाहेर माणसं नंबर लावून बसलेली असताना.

"सिमेन ॲनालिसिस ना दादा? किती दिवस झाले?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. जेवणानंतरची शुगर द्यायला थांबलेल्या दोन काकूंनी माना वळवल्या.

"तीन," मी पुटपुटलो.

"जरा मोठ्यानं. पंखा आहे ना."

मी मोठ्यानं सांगितलं. काकूंनाही कळलं.

ही चौकशी भोचकपणाची नसते. शेवटच्या वीर्यपतनानंतर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस गेलेले असावे लागतात. त्याहून कमी झाले तर प्रमाण आणि संख्या दोन्ही घटतात. फार दिवस ब्रह्मचर्य पाळलं तर आकडा फुगतो, पण त्यात थकलेभागले आणि मेलेले जास्त निघतात. आमच्याकडे ही तारीख बायकोनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, 'गॅस लावला'च्या शेजारी, नुसता एक गोल करून ठेवली होती. सासूबाईंनी तो गोल बघून "संकष्टी तर मंगळवारी आहे" असं दोनदा सांगितलं.

घरून नमुना आणायचीही सोय असते. पण तो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबला पोचला पाहिजे, तोही अंगाच्या उबेत, म्हणजे डबी शर्टाच्या आत धरून. फ्रिजमध्ये ठेवायची नाही आणि उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नाही. संध्याकाळचा सिंहगड रस्ता ज्यानं पाहिला आहे तो या वाटेला जाणार नाही. मी लॅबमधली खोली पत्करली.

खोलीत रेक्झिनची खुर्ची, एक बेसिन, कडी अर्धीच लागणारं दार आणि भिंतीवर लॅमिनेट केलेला सूचनांचा कागद. आधी हात धुवून कोरडे करा. साबण, तेल, क्रीम, थुंकी काहीही वापरू नका, कारण त्यानं शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. साधा कंडोम चालणार नाही, त्यातली रसायनं मारक असतात. डबीच्या आत बोट लावू नका. सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: पूर्ण नमुना डबीतच पडला पाहिजे, विशेषतः सुरुवातीचा भाग.

लाल अक्षरांना कारण आहे. शुक्रजंतूंचा मोठा वाटा पहिल्या थेंबांतच असतो, नंतर येतो तो बराचसा नुसता द्रव. त्यामुळे शेवटचं थोडं सांडलं तर फारसं बिघडत नाही, पहिलं सांडलं तर रिपोर्ट उगाच रडका येतो. माझ्या आधीचा एक तरुण बाहेर येऊन टेक्निशियनच्या कानात "थोडं सांडलं" म्हणाला. "पहिलं की शेवटचं?" टेक्निशियननं विचारलं आणि पहिलं हे कळल्यावर फॉर्मवर तसं लिहून त्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं. पोरगा शहाणा. बरेच जण लाजेनं गप्प बसतात आणि मग तो रिपोर्ट घेऊन रडतात.

बाहेर कुणाचा तरी मोबाइल आरती वाजवत होता. त्या परिस्थितीत माझं काम कसं पार पडलं याचा तपशील वाचकांना नको असेल, मलाही नकोच आहे. डबीवर नाव आणि वेळ लिहून ती छोट्या खिडकीतून आत सरकवली. वेळ महत्त्वाची, कारण सुरुवातीला घट्ट असलेला नमुना अर्ध्या-पाऊण तासात, फार तर तासाभरात पातळ व्हावा लागतो. मगच तो सूक्ष्मदर्शकाखाली जातो.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. प्रमाण २.४ मिली. संख्या १४ मिलियन प्रति मिली, समोर छापलेली मर्यादा २०. पुढे जाणारे २८ टक्के, जागच्या जागी वळवळणारे १०, स्थिर ६२. नॉर्मल आकार ३ टक्के. खाली ठसठशीत अक्षरांत एक लांबलचक ग्रीक शिवी, जिचा अर्थ इतकाच की संख्या, चाल आणि आकार तिन्ही कमी. ६२ टक्के निवांत, १० टक्के जागेवरच गिरक्या घेणारे आणि उरलेले कामाचे, ही तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभाच झाली. पण रात्री झोप लागली नाही ती त्या ३ टक्क्यांमुळे. म्हणजे ९७ टक्के माल डिफेक्टिव्ह!

डॉक्टरबाईंनी पेन काढून आधी छापलेल्या २० वर काट मारली. "हे जुनं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १६ आहे. आणि नुसतं प्रति मिली बघू नका, गुणाकार करा."

२.४ गुणिले १४, म्हणजे ३३.६ मिलियन. आपल्या भाषेत तीन कोटी छत्तीस लाख. मला छाती फुगवावीशी वाटली, पण अपेक्षा कमीत कमी तीन कोटी नव्वद लाखांची असते. पुढे जाणारे ३० टक्के हवेत, माझे २८. आणि नॉर्मल आकार? तिथे ४ टक्के म्हणजे पास! आकाराची कसोटी इतकी कडक असते की डोकं जरा निमुळतं किंवा मान किंचित वाकडी असली तरी नापास करतात. ज्यांना पोरं झाली आहेत त्यांच्यातही बहुतेक शुक्रजंतू वेडेवाकडेच असतात.

"मग मी नापास?"

"या रेषा पास-नापासच्या नाहीत. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे उतरत्या क्रमानं मांडले, तर शेवटचे पाच टक्के या रेषेखाली येतात. म्हणजे रेषेखालीही बाप आहेत आणि रेषेवरही न झालेले आहेत." मग त्यांनी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता?"

गणपतीत मला सणसणीत ताप भरला होता, चार दिवस १०३ च्या आसपास. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. शुक्रजंतू घडायला साधारण अडीच महिने लागतात, वर बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी काही दिवस. त्यामुळे आजच्या डबीत दिसतं ते दोन-तीन महिन्यांपूर्वीचं काम, आणि तापात ते काम बिघडतं. त्यांनी तंबाखूचं विचारलं, जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतं का तेही विचारलं, कारण त्यानं अंगातलं उत्पादनच बंद पडतं. दोन्हीला नाही म्हटल्यावर औषध काही दिलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करा, तीच लॅब, तेवढेच दिवस पाळून. निरोगी माणसाचेही आकडे दर वेळी बरेच वरखाली होतात, तेव्हा एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नसतो, असंही म्हणाल्या.

जानेवारीत दुसरा रिपोर्ट: प्रमाण २.२, संख्या ३४, पुढे जाणारे ४३ टक्के, नॉर्मल आकार ५. एकूण सात कोटी अठ्ठेचाळीस लाख. गुणाकार मी केबिनबाहेरच मोबाइलवर करून ठेवला होता. डॉक्टरबाईंनी कागदावरून एक नजर फिरवली, "ठीक आहे," म्हणाल्या आणि बायकोची सोनोग्राफीची फाइल उघडली. पुढचा अर्धा तास माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.