काच दोन बोटं खाली ठेवून काय साधतं?

"मूल झोपलं असेल तर उठवू नका. गाडी आधी एसीने गार करा, सावलीत लावा, काच दोन बोटं खाली ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत काही होत नाही. कुत्र्यालाही चालतं."

वहिनीने हे काल घरच्या ग्रुपवर टाकलं, 'खूप उपयोगी' असं लिहून. तिचा दीड वर्षाचा मुलगा मंडईला जाताना हमखास गाडीत झोपतो, म्हणून लिहितोय.

आधी ती काच, कारण सगळा भरवसा तिच्यावर आहे. गाडीतली हवा थेट उन्हाने फारशी तापत नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि मग ते आतली हवा तापवत राहतात. दोन बोटांच्या फटीतून जाते त्याहून जास्त उष्णता आत तयार होत असते. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हे मोजून 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापलं. बाहेर 22 ते 36 अंश असताना बंद गाडी तासाभरात सरासरी 22 अंशांनी तापली, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून काहीच फरक पडला नाही. एसीने आधी गार केलेल्या गाडीला जेमतेम पाच मिनिटं जास्त मिळाली.

आता लक्ष्मी रोडवर एप्रिलची दुपार धरा, बाहेर 36. दहा मिनिटांत आत 46 च्या आसपास, अर्ध्या तासात पन्नाशीपार. आणि 'दहा मिनिटं' म्हणजे पार्किंगपासून दुकान, बिलाची रांग आणि परत, हे पुण्यात कुणाला जमतं? लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं, आणि सीटच्या पट्ट्यात अडकलेलं मूल सरकूही शकत नाही.

सावलीचं अर्धं खरं आहे, मान्य. ॲरिझोनात मोजलं तेव्हा तासाभराने उन्हातली गाडी सरासरी 47 अंशांवर होती, सावलीतली 38 वर. पण त्याच हिशेबात सावलीतलं दोन वर्षांचं मूलही दोन तासांच्या आत उष्माघाताला पोचतं. शिवाय सावली सरकते.

कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. तो धापा टाकून गार होतो, आणि कोंदट गरम हवेत धापेचा उपयोग उरत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्यांचं तर बघायलाच नको.

एसी चालू ठेवून जाणं? इंजिन बंद पडू शकतं, आणि मूल गिअरला हात घालू शकतं.

बंद गाडीत सुस्त, लालबुंद मूल किंवा लाळ गाळत लडखडणारा कुत्रा दिसला तर मालकाला शोधत बसू नका. 112 लावा. दार उघडत नसेल तर मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा, बाहेर काढून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला.